आडवा बर्फ की उभा स्तूप?

लडाखमध्ये पेरणी एप्रिल-मेमध्ये होते, पण मागे सरकलेल्या हिमनदीचं पाणी ओढ्याला येतं जूनमध्ये. मधली तहान भागवायला हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी गोठवून ठेवायचं, त्याच्या दोन तऱ्हा.

लडाखी अभियंते चेवांग नॉर्फेल यांची कृत्रिम हिमनदी आडवी. ओढ्याचं पाणी सावलीच्या उतारावर वळवायचं, दगडी बांधांनी त्याचा वेग मोडायचा. संथ पाणी थरावर थर गोठतं. खर्च कमी, पण पसरट बर्फ उन्हात लवकर जातो. म्हणून जागा उंचावर आणि सावलीतच हवी, गावापासून लांब.

लडाखचेच सोनम वांगचुक यांचा स्तूप म्हणजे बर्फाचा उभा शंकू; तो गावाशेजारीही चालतो. उंचावरून पुरलेल्या पाइपमधून आलेलं पाणी पंपाशिवाय कारंज्यासारखं उडतं आणि पडता पडता गोठतं. शंकूला त्याच्या आकारमानाच्या मानाने ऊन कमी लागतं, त्यामुळे बर्फ जास्त टिकतो. दुखणं पाइपचं: रात्री प्रवाह थांबला की आत बर्फ धरतो आणि पाइप फुटतो.

सावलीची घळ आणि बांध सांभाळणारी माणसं असतील तर मी आडवाच निवडेन. तशी जागा नसेल तर स्तूप, पण थंडीत रात्री उठून पाइप बघणारा कोण, हे आधी ठरवून.