कलम आधी की थ्रेट आधी? ऑडिटरच्या स्वातंत्र्यावरचे केस प्रश्न

सीए इंटरच्या ऑडिट पेपरमध्ये या प्रश्नांची उत्तरं मुलं दोन प्रकारे लिहितात. काही जण कंपनी कायद्याच्या कलमापासून सुरुवात करतात, काही जण एथिक्सच्या पाच थ्रेट्सपासून. मी दोन्ही लिहून पाहिलंय, आता ज्युनिअर्सचे सरावाचे पेपरही वाचतो.

एक नेहमीची केस घ्या. ऑडिटरच्या पत्नीकडे त्याच कंपनीचे शेअर्स आहेत. दर्शनी किंमत ९०,०००, बाजारभाव ४ लाख. नेमणूक वैध आहे का?

थ्रेटवाला लिहितो की सेल्फ-इंटरेस्ट थ्रेट आहे, रक्कम मोठी आहे, सेफगार्ड हवेत. विचार चुकीचा नाही, पण ‘वैध की अवैध’ याला उत्तर मिळत नाही. कलमवाला १४१(३)(डी) आणि नियम १० लिहितो: नातेवाइकाला १ लाखापर्यंतची सिक्युरिटी चालते, आणि मोजायची ती दर्शनी किंमत. म्हणजे ४ लाखांचा आकडा चकवण्यासाठीच दिलेला आहे. नेमणूक वैध. हेच शेअर्स स्वतः ऑडिटरच्या किंवा त्याच्या भागीदाराच्या नावावर असते, तर एकसुद्धा चालला नसता. पुढे पत्नीने आणखी शेअर्स घेऊन मर्यादा ओलांडली, तर ६० दिवसांत ते मर्यादेत आणावे लागतात. नाहीतर १४१(४) नुसार पद सोडावं लागतं. हे सगळं केसच्या आकड्यांना जोडून लिहिलं, की तपासणाऱ्याला तर्क दिसतो.

माझा कौल मात्र दुसऱ्याच एका गोष्टीमुळे ठरला. ऑडिटरच कंपनीची पुस्तकं लिहून देतो, अशी केस आली की थ्रेटपासून सुरू करणारा सेल्फ-रिव्ह्यू थ्रेट अचूक ओळखतो आणि सवयीने लिहितो, ‘वेगळी टीम नेमावी’. वाचायला समंजस वाटतं. पण कलम १४४ मध्ये अकाउंटिंग आणि बुककीपिंग सरळ निषिद्ध आहे. तिथे सेफगार्डला जागाच नाही. बोर्डाने मंजुरी दिली तरी नाही. चांगलं चाललेलं उत्तर शेवटच्या ओळीत घसरतं, आणि हे मला इतक्या पेपरांत दिसतं की वाचताना जीव तळमळतो.

प्रत्येकाची लिहिण्याची पद्धत वेगळी, हे मान्य. तरी प्रश्न कंपनीच्या ऑडिटचा असेल तर मी कलमाकडे झुकेन: आधी तरतूद, मग केसमधला आकडा, मग स्पष्ट निष्कर्ष, आणि थ्रेटचं नाव कारण म्हणून एका ओळीत. ‘कायदा हे का अडवतो’ हे सांगायला ती ओळ लागतेच.

भागीदारी फर्मचं ऑडिट असेल आणि मालकाने ऑडिटरच्या कुटुंबाची सहल काढून दिली असेल, तर १४१ लागूच होत नाही. तिथे बिनधास्त थ्रेटपासून सुरुवात करा. फक्त सेफगार्ड त्या सहलीला लागू पडणारा लिहा, म्हणजे ती नाकारणं, आणि आधीच घेतली असेल तर ऑडिटमधून बाजूला होण्याचा विचार.