ढीग पालटायचा की खालून हवा द्यायची?

मैला-गाळ किंवा शेण मोठ्या प्रमाणावर कुजवायचं असेल, तर खर्चाच्या आधी एक प्रश्न विचारावा: या ढिगातला सगळ्यात थंड भाग कुठला आणि तो कधी तापणार? रोगजंतू तिथेच वाचतात.

विंड्रो पद्धतीत लांबच लांब ढीग घालून ते टर्नरने पालटतात. अमेरिकेच्या मैला-गाळासाठीच्या ५०३ नियमानुसार त्यांना १५ दिवस किमान ५५ अंश सेल्सिअस आणि त्या काळात किमान ५ पलट्या लागतात. न पालटता खालून पाइपांतून हवा देतात त्या स्थिर ढिगाला त्याच तापमानाचे ३ दिवस पुरतात. उष्णता तीच, मग एवढा फरक का? ३ मीटर रुंद, दीड मीटर उंच त्रिकोणी विंड्रो घ्या. बाहेरचा जेमतेम २० सेंटिमीटरचा थर थंड राहिला, तरी तो एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो. प्रत्येक पलटीत माल नीट मिसळला असं धरलं, तर सुरुवातीची रचना धरून पाच पलट्यांनंतर सहाही वेळा बाहेरच राहिलेला माल ७२९ पैकी एकच भाग उरतो. एकही पलटी नसेल तर तीनपैकी एक. कॅलेंडर पाहून रोज पालटण्यातही अर्थ नाही. पलटीनंतर ढीग पुन्हा ५५ वर चढू द्यायला हवा, नाहीतर ती पलटी वाया गेली. दीड-दोन दिवसांत तो चढला नाही तर आधी ओलावा बघा. ४० टक्क्यांखाली गेला असेल तर पाणी मारा.

स्थिर ढीग पालटत नाहीत, म्हणून त्याचा बाहेरचा थर थंड राहून चालत नाही. त्यावर तयार खताची सुमारे ३० सेंटिमीटर जाड गोधडी घालतात आणि थंडावा ती सोसते. पण ब्लोअर खालून हवा ढकलत असेल तर पाइपांलगतचा तळ गार पडतो. त्यासाठी पाइपांवर आधी लाकडाच्या चिपांचा थर देतात. थर्मामीटर नुसता मध्यभागी खुपसून ६५ आला म्हणून खूश होणारे पुष्कळ भेटतात, पण नोंद तळाची आणि टोकांचीही हवी. दुसरी अडचण मिश्रणाची. गोळे राहिले तर हवा भेगांतून पळते आणि ते गोळे कच्चे राहतात. ही चूक नंतर सुधारायला पलटीही नसते.

जागा ऐसपैस असेल, वस्ती लांब असेल आणि येणारा माल रोज वेगळा असेल, तर विंड्रो बरा, कारण पलटी चुका झाकते. पलटताना वास आणि अमोनिया सुटतो, तेव्हा शेजारी जवळ असतील किंवा जागा तोकडी असेल तर मी स्थिर ढीगच निवडेन. मात्र मिश्रण करणारा माणूस भरवशाचा हवा.

दोन्हींत एक लोडर तयार खतासाठी वेगळा ठेवा. कच्चा माल उचललेलं बकेट न धुता त्यात घातलं, तर साल्मोनेलासारखा रोगजंतू परत येतो आणि तापमानाच्या नोंदवहीत त्याचा पत्ताही लागत नाही.