निळा पंप: सात महिने आणि त्यानंतरचे सहा

मी भांडुपला राहते, घरीच ब्लाउज शिवते. दमा लहानपणापासून. गेल्या जूनपासून डिसेंबरपर्यंत मी फक्त साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपावर काढले. औषध म्हणून तो उत्तमच आहे. दोन पफ घेतले की पाचेक मिनिटांत छाती मोकळी होते आणि चार-एक तास बरे जातात. म्हणूनच तो कधी जास्त होत गेला हे मला कळलंच नाही.

सुरुवात हातांपासून झाली. सुईत दोरा ओवताना टोक नेढ्यासमोर थरथरायचं. कोपर मशीनच्या फळीवर टेकवूनही चार-चार वेळा चुकायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो बदलून घेतला. पण पहाटे उठल्यावर हात स्थिर असायचे आणि पंप घेतल्यावर अर्धा तास कापायचे, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. सोबत छातीत धडधड. घरचे म्हणाले, टेन्शन घेतेस. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, ते मी दिवसभर पायाने मशीन चालवण्यावर ढकलले.

डिसेंबरात एका रात्री दम थांबेना. जवळच्या दवाखान्यात तासाभरात तीन वेळा नेब्युलायझर लावला. एका वेळी २.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचे २५ पफ भरतील इतकं औषध. घरघर कमी झाली, पण नाडी १२८ वर गेली आणि पाय उचलवेनात. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम २.९ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं.

तिथल्या छातीच्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. हे औषध श्वासनलिकेभोवतीचे स्नायू सैल करतं, पण ज्या बटणावर ते काम करतं तसलीच बटणं हातापायांच्या स्नायूंत आणि हृदयातही असतात. म्हणून कंप, म्हणून धडधड. स्नायूंमधलं हेच बटण दाबलं गेलं की रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं. ते शरीराबाहेर जात नाही, जागा बदलतं, आणि औषध उतरलं की काही तासांत परत येतं. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. बीपीसाठी मी लघवी वाढवणारी गोळी घेते, ती पोटॅशियम खरोखरच लघवीतून बाहेर टाकते. स्टिरॉइडच्या गोळ्या आणि थिओफिलिन या दम्याच्या दुसऱ्या औषधानेही ते खाली जातं. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून त्यांनी मला रात्रभर मॉनिटरवर ठेवलं आणि पोटॅशियम दिलं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, सात महिन्यांत किती पंप संपले?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मुलाने शिलाईच्या खणातून रिकामे पंप काढून आणले. पाच. एका पंपात २०० पफ, म्हणजे हजार पफ, रोजचे जवळजवळ पाच. त्या म्हणाल्या, वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तरी मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो, आणि आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा पंपाची गरज पडत असेल तर दमा आटोक्यात नाही असंच समजायचं. हा पंप नळी उघडतो, आतली सूज तशीच राहते. शिवाय रोज घेतल्याने त्याचा असर कमी-कमी टिकतो. माझे हात सात महिने हेच सांगत होते आणि मी चष्मा बदलत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

जानेवारीपासून बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप सुरू आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक पफ, नंतर चूळ भरायची, आणि दम लागला तर त्याचाच जादा पफ घ्यायचा. यातलं फॉर्मोटेरॉलही त्याच जातीचं, त्यामुळे जादा पफ घेतला की किंचित कंप येतो. पण सोबत सुजेवरचं औषधही पोटात नाही, थेट छातीत जातं. फरक दिसायला मला तीन आठवडे लागले. बीपीची गोळीही बदलून मिळाली. मार्चमध्ये पोटॅशियम ४.१ आलं. दोरा आता पहिल्या फटक्यात ओवला जातो.

एक गोष्ट मात्र मी चुकीची धरून बसले होते. घाबरून मी निळा पंप फेकून देणार होते. डॉक्टरबाईंनी अडवलं. ज्यांच्याकडे तोच एक पंप आहे त्यांनी दम लागल्यावर कंपाच्या भीतीने तो रोखून धरू नये, अटॅकमध्ये तो जीव वाचवतो. पंप घ्यायचा, आणि चार तासांच्या आत पुन्हा लागला तर दवाखाना गाठायचा.

आता जादा पफ घेतला की मापांच्या वहीत मागच्या पानावर रेघ मारते. मे महिन्यात तीन रेघा होत्या. जूनच्या पहिल्या पावसाच्या आठवड्यातच चार झाल्या, तेव्हा थांबले नाही, लगेच फोन केला. डॉक्टरबाईंनी रोजचे पफ काही दिवसांसाठी वाढवले आणि विचारलं, मशीनमागच्या भिंतीला ओल आहे का. होती, काळी बुरशी धरलेली. मशीन आता पुढच्या खोलीत आहे.