झोपेची वेळ बाळाची की बाबाची?

आठ महिन्यांचं बाळ, आई दिवसा कामावर, बाबा रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी. भेट व्हावी म्हणून घरं दोनांपैकी एक वाट धरतात.

पहिली वाट: सुट्टीच्या रात्री बाळाला बाबासोबत दहापर्यंत जागवायचं, एरवी साडेसातला झोपवायचं. खेळ रंगतो खरा, पण या वयाची बाळं दोन झोपांमध्ये साधारण तीन तासच नीट जागी राहतात. त्यापुढे ताणलं की बाळ डोळे चोळतं, कान ओढतं, मग एकदम उसळल्यासारखं खिदळू लागतं. ‘बघ, झोप नाहीच आलेली’ असं आपण म्हणतो. ती अतिथकव्याची खूण असते. उशिरा झोपलेलं बाळ सकाळी उशिरा उठेल याचीही खात्री नाही.

दुसरी वाट: रात्रीची साडेसात पक्की, बाबाला सकाळचा वेळ. आल्यावर हात धुऊन दूध किंवा खिमट भरवायचं, अंघोळ, तेच एक गाणं, आणि साडेनऊची पहिली झोप त्याच्या हातून. मग तो स्वतः झोपतो, बाळ दुसऱ्या कोणाकडे. मला हीच पटते. फक्त पेंगत असताना त्याने बाळाला घेऊन सोफ्यावर बसू नये. तिथे डोळा लागला तर बाळ गुदमरू शकतं.

फिरतीवर असलेल्यांना सकाळ मिळत नाही. त्यांनी व्हिडिओ कॉल संध्याकाळच्या जेवणावेळी करावा. ऐन झोपताना केला तर बाळ पुन्हा टक्क जागं होतं.