कागदी कप की स्वतःचा स्टीलचा पेला?

कागदी कपाच्या आतून नख फिरवले की सुटणारा पातळ पापुद्रा बहुधा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचा असतो. तो नसेल तर कागद भिजून कप गळेल. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी अशा कपांत ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवले, तेव्हा त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. कॉफी रेंगाळत पिणाऱ्याला हाच अवधी लागतो.

स्टीलच्या पेल्याला अस्तरच नसते, म्हणून हा प्रश्न मुळातच उरत नाही. मात्र एकपदरी पेला हाताला चटके देतो, त्यामुळे दुपदरी घ्यावा आणि झाकण प्लॅस्टिकचे असल्यास ते काढूनच प्यावे. पेला विसरलाच, तर दुकानातच काचेच्या ग्लासात कॉफी घेणे मला कागदी कपापेक्षा केव्हाही बरे वाटते.