‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर घेतलेला फोन: नऊ हप्ते फेडल्यानंतरचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी क्रेडिट कार्डवर नऊ महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांनी एक फोन ऑनलाइन घेतला. किंमत २७,००० रुपये, महिन्याला ३,०००. शेवटचा हप्ता जुलैच्या बिलात गेला. फोन चांगला निघाला. बॅटरी अजून दिवसभर पुरते, कॅमेऱ्याची तक्रार नाही. मला लिहायचंय ते हप्त्यांबद्दल, कारण २७,००० म्हणून घेतलेल्या फोनला माझे २७,५४४ रुपये गेले आणि तोच फोन त्याच दिवशी २५,५०० ला मिळत होता.

मी सांगलीत एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. व्याजाचे तक्ते रोज हातात असतात. तरी खरेदीच्या वेळी नऊ गुणिले तीन हजार बरोबर सत्तावीस हजार एवढंच पाहिलं आणि बटण दाबलं. पहिलं बिल आलं ते ३,२९५ रुपये ५० पैशांचं, तेव्हा बसून एकेक ओळ वाचली.

बिलात हप्ता एका ओळीत नव्हता. मुद्दल २,६६२.८७, व्याज ३३७.१३. दोन्ही मिळून ३,००० बरोबर होतात. त्याखाली व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ६०.६८. त्याखाली प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा जीएसटी ३५.८२. म्हणजे ज्या कर्जाला व्याज नाही असं सांगितलं होतं, त्याला बँक व्याज लावत होती आणि त्या व्याजावर करही घेत होती.

हे घडतं कसं, ते आधी समजून घेऊ. बँक आपलं व्याज सोडत नाही. माझ्या कार्डावर ते दरसाल दरशेकडा १६, उतरत्या शिल्लकेवर होतं. या दराने नऊ महिने ३,००० चे हप्ते येणार असतील तर आज कर्ज बसतं २५,२८५ रुपयांचं. उरलेले १,७१५ रुपये हे व्याज. ते विक्रेता किंवा फोनची कंपनी आपल्याला ‘नो-कॉस्ट ईएमआय सूट’ म्हणून किमतीतून आधीच वजा करून देते. कार्डावर पडतात २५,२८५, त्यावर बँक १,७१५ व्याज लावते आणि बेरीज परत २७,००० होते. आपल्याला मिळालेली सूट व्याजाच्या रूपाने बँकेकडे जाते.

यात दोन गोष्टी त्या सुटीत बसत नाहीत. एक जीएसटी. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो, आणि विक्रेत्याची सूट फक्त व्याजापुरती असते. १,७१५ वर १८ टक्के म्हणजे ३०९ रुपये. हे एकदम दिसत नाहीत, कारण शिल्लक उतरत जाते तसा करही उतरतो. पहिल्या बिलात साठ रुपये, दुसऱ्यात चोपन्न, शेवटच्यात फक्त सात. इतक्या बारीक रकमेकडे कोण बघतं? दुसरी गोष्ट प्रोसेसिंग फी, करासह २३५ रुपये. दोन्ही मिळून ५४४.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. खरेदीच्या त्याच पानावर एक ओळ होती: कार्डाने पूर्ण रक्कम एकदम भरल्यास १,५०० रुपयांची सूट. मी हप्त्यांचा पर्याय निवडला आणि ती ओळ गेली. ती गेलेली मला दिसलीच नाही. नंतर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तोच फोन २५,५०० ला घेतल्याचं सांगितलं, तेव्हा मी त्याचं बिल मागून घेतलं आणि माझ्या बिलाशेजारी ठेवलं. फरक २,०४४ रुपयांचा. त्यातले १,५०० ना बँकेच्या बिलात दिसतात, ना फोनच्या पावतीवर. हप्त्यांची सोय घेणाऱ्यासाठी किंमतच चढी ठेवलेली असते आणि त्या चढ्या किमतीला बिनव्याजी हप्ते म्हटलं जातं.

रिझर्व्ह बँकेने हे पूर्वीच ओळखलं होतं. १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात तिने बँकांना सांगितलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते आणि अशा योजनांत व्याज बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या नावाखाली झाकून ग्राहकाच्या माथी मारलं जातं. कार्डांसाठीच्या २०२२ च्या नियमांत तर स्पष्ट आहे की हप्ते पाडण्याआधी मुद्दल, व्याज आणि दिलेली सूट वेगवेगळी दाखवली पाहिजे, बिलातही वेगळी आली पाहिजे. म्हणून माझ्या बिलात त्या ओळी होत्या. नियम पाळला गेला, पण सोडून दिलेली एकरकमी सूट दाखवा असं तो नियम म्हणत नाही. ती आपली आपणच शोधायची.

आता तुलना कशी करायची ते सांगते. मी पतसंस्थेत वापरते तोच ठोकताळा आहे, कागद-पेन पुरतं. आधी आज एकरकमी भरून तो फोन कमीत कमी कितीला मिळतो ते काढा, सगळ्या सुटी धरून. ही तुमची रोख किंमत. मग हप्ते, फी आणि कर मिळून शेवटी खिशातून एकूण किती जाणार ते काढा. दोन्हीतला फरक म्हणजे खरं व्याज. त्याला रोख किमतीने भागा, २४ ने गुणा आणि हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागा. शंभराने गुणलं की वार्षिक दर येतो. चोवीस आणि एक मिळवणं यासाठी की सगळं कर्ज शेवटपर्यंत तुमच्याकडे राहत नाही, दर महिन्याला थोडं परत जातं. नऊ हप्त्यांचं कर्ज सरासरी पाच महिनेच वापरलं जातं.

माझ्या फोनचं: २,०४४ भागिले २५,५००, गुणिले २४, भागिले १०. उत्तर सुमारे १९ टक्के. एक्सेलमध्ये करायचं असेल तर सरासरी मासिक रक्कम ३,०६० धरून एवढंच टाइप करा, उत्तर जवळपास तेच येतं:

```
=RATE(9,-3060,25500)*12
```

हीच रीत उलट बाजूनेही सांगते, आणि ते लिहिलं नाही तर माझं लिहिणं एकतर्फी होईल. समजा एकरकमी भरणाऱ्यालाही फोन २७,००० लाच मिळत असता, म्हणजे कुठेच सूट नसती. मग जास्तीचे फक्त ५४४. त्याचा दर येतो ४.८ टक्के. इतक्या स्वस्तात दुसरीकडे कर्ज मिळत नाही. पैसे मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवून हप्ते भरले तरी आपण थोडे पुढेच राहतो. म्हणून ‘नो-कॉस्ट’ म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणणार नाही. सगळं रोख किमतीवर अवलंबून आहे.

आणखी एक तुलना मी मागाहून केली. एकरकमी सूट घेऊन २५,५०० भरले असते आणि तीच रक्कम बँकेच्या अ‍ॅपवरून १६ टक्क्यांनी नऊ हप्त्यांत पाडली असती, तर व्याज, कर आणि फी धरून २७,७७६ गेले असते. म्हणजे हातात पैसेच नसतील तर ‘नो-कॉस्ट’ २३२ रुपयांनी स्वस्त पडतं. माझ्याकडे मात्र तेव्हा पैसे होते. बचत खात्यात पडून होते.

पाचव्या हप्त्यानंतर मी कर्ज एकदम मिटवायचा प्रयत्न केला. शिल्लक मुद्दल ११,६१० होतं. बँकेने त्यावर तीन टक्के मुदतपूर्व शुल्क आणि त्यावर कर सांगितला, एकूण १२,०२१. न मिटवता चार हप्ते भरले तर १२,००० आणि व्याजावरचा कर ७०. सगळे मिळून वाचणार होते पन्नासच्या आत. शिवाय विक्रेत्याच्या अटींत मुदतीआधी मिटवल्यास सुटीची रक्कम परत घेण्याचा हक्क लिहिलेला होता. मी हप्तेच चालू ठेवले. हप्ते घेण्याआधी हे कलम वाचा, कारण नंतर त्यातून बाहेर पडायला वाव राहत नाही.

दुकानात बसून फायनान्स कंपनीकडून हप्ते पाडणं हा वेगळा प्रकार, आणि आमच्याकडे बहुतेक लोक तोच वापरतात. माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या महिन्यात मिरजेत २०,००० च्या फोनवर अशी योजना सांगितली: दहा हप्ते २,००० चे, त्यातले दोन आधी भरायचे, फाइल चार्ज करासह ८२६. तिने मला दुकानातूनच फोन केला. म्हणाली, “ताई, व्याज शून्य आहे म्हणतात, घेऊ का?” मी म्हटलं, आधी त्यांना विचार, आत्ता यूपीआयने दिले तर किती घेणार? दुकानदार म्हणाला, १९,२००.

कागदावर मांडलं. दोन हप्ते आधीच गेले, ८२६ आधीच गेले, म्हणजे १९,२०० च्या फोनसाठी कंपनी तिला खरं तर १४,३७४ चं कर्ज देत होती आणि आठ महिन्यांत १६,००० परत घेणार होती. दर येतो तीस टक्क्यांच्या आसपास. आगाऊ हप्ते असले की कर्ज लहान होतं, मुदत लहान होते, पण फी तेवढीच राहते. म्हणून फीचा बोजा जास्त पडतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो. तो आपल्याला समजेल अशा भाषेत हवा आणि त्यात फी धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सहीआधी तो मागा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला हा नियम लागू नाही, तिथे आपला ठोकताळाच वापरावा लागतो. आणि फायनान्स कंपनीच्या एपीआरमध्येही बहिणीचे ते ८०० रुपये दिसले नसते, कारण कंपनी फोनची किंमत २०,००० च धरते.

बहिणीने आवर्त ठेवीतले पैसे काढले आणि १९,२०० यूपीआयने दिले. पावतीवर तोच आकडा छापून घेतला.