एकच कविता, चार शीर्षकं: कोणतं ठेवावं?

कविता लिहून झाली आणि शीर्षकापाशी गाडी अडली, असं तुमचं झालं असेल तर हे तुमच्यासाठी. गेल्या महिन्यात आमच्या बेळगावच्या वाचनकट्ट्यावर हुक्केरीकडची एक मुलगी कविता घेऊन आली. तिला ती एका दिवाळी अंकाला पाठवायची होती आणि सीमाभागातल्या एका गावच्या साहित्य संमेलनात म्हणायचीही होती. कविता एवढीशी:

आजीनं कुलूप लावलं.
ओढून बघितलं.
चार पावलं गेली, परत आली,
पुन्हा ओढून बघितलं.
तुळशीला तांब्याभर पाणी घातलं.
शेजारणीला म्हणाली,
तेवढं दाराकडं लक्ष असू दे.
गाडीत बसली.
किल्ली कनवटीला होती.

वहीत चार शीर्षकं होती, त्यातली तीन खोडलेली: ‘आजी’, ‘कुलूप’, ‘किल्ली’ आणि ‘बुडीत क्षेत्र’. आम्ही चारही शीर्षकं एकेक करून कवितेवर ठेवून पाहिली. रीत साधी होती. आधी शीर्षक हाताने झाकून कविता वाचायची, मग हात काढायचा आणि परत वरून खाली यायचं. दुसऱ्या वाचनात कोणत्या ओळीचा अर्थ हलला, एवढंच पाहायचं.

‘आजी’ने काहीच हललं नाही. पहिल्याच शब्दात आजी आहे, तीच वर परत लिहिली. वाचणाऱ्याला वाटतं, म्हातारी पुण्याला लेकाकडे निघाली असावी आणि घरातून तिचा पाय निघत नाही. हे वाचन खोटं नाही, पण वाचून संपलं की संपलंच. परत वर जावंसं वाटत नाही.

‘कुलूप’ने थोडं हललं. कुलूप दोनदा ओढून बघणं ही आता नुसती सवय राहत नाही, सगळी कविता त्या एका हालचालीभोवती गोळा होते. पण पाण्याचा तांब्या आणि शेजारीण जिथल्या तिथेच राहिली. नऊपैकी दोन-तीन ओळींनाच हात लागला.

‘किल्ली’ने नुकसान केलं. शेवटच्या ओळीतला शब्द आधीच सांगून टाकल्यावर वाचक पहिल्या ओळीपासून किल्लीची वाट बघत बसतो आणि ती आली की त्याला नवं काही मिळत नाही. शेवटाकडचा शब्द वर नेऊच नये असं मात्र नाही. कुसुमाग्रजांची ‘कणा’ आठवा. पुराने घर धुऊन नेलेला विद्यार्थी सरांकडे येतो आणि ‘कणा’ हा शब्द अगदी शेवटून दुसऱ्या ओळीत येतो. तिथे तो चालतो, कारण वर तो नुसता पाठीचा कणा असतो आणि खाली येईपर्यंत माणसाची ताठ उभं राहण्याची जिद्द होतो. शब्द तोच, वजन दुसरं. हिच्या कवितेतली किल्ली वरही किल्ली होती, खालीही किल्लीच.

मग हात ‘बुडीत क्षेत्र’वरून काढला. कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही.

इकडच्या माणसाला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं तेव्हा काठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खाली उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं आणि लोक आजही ते बघायला जातात. ही मुलगी अशाच उठलेल्या घरातली. आता कविता परत वाचा. घर पाण्याखाली जाणार आहे आणि आजी कुलूप लावते. नीट बसलंय का म्हणून परत येऊन बघते. चार दिवसांनी ज्या तुळशीवर धरणाचं पाणी चढणार, तिला ती तांब्याभर पाणी घालते. किल्ली कनवटीला ठेवते, पण परत येऊन उघडायला दार उरणार नाही. एकही शब्द न बदलता सगळ्या ओळी फिरल्या. पहिल्यांदा वाचताना जी जरा विसराळू, जरा हळवी वाटली होती, ती आता सगळं ठाऊक असून असं करते आहे.

म्हणजे जी माहिती कवितेच्या अंगात कुठेच नाही आणि जिच्यावाचून कविता अर्धी आहे, ती या शीर्षकाने दिली. ‘धरणात जाणारं घर’ असं एखाद्या ओळीत लिहिलं असतं, तर ती ओळ रडवेली झाली असती आणि बाकीच्या आठ ओळी तिच्या मागे फरफटल्या असत्या.

पण याच शीर्षकाने एक ओळ उघडी पाडली, आणि खरं काम तिथे झालं. गाव बुडणार असेल तर शेजारीणही उठणार की! तिला ‘दाराकडं लक्ष असू दे’ असं आजी कसं म्हणेल? ‘आजी’ आणि ‘कुलूप’खाली ही ओळ निमूट बसली होती, इथे ती टोचली. शीर्षकाने सगळं फिरवलं आणि एकच ओळ फिरायला तयार नसेल, तर त्या ओळीत किंवा शीर्षकात काहीतरी खोटं आहे. मुलीने तिथल्या तिथे शेजारीण काढली आणि लिहिलं:

देवळाकडं बघून म्हणाली,
तेवढं दाराकडं लक्ष असू दे.

शीर्षकाशिवाय ही एका भाविक बाईची ओळ. शीर्षकानंतर, ज्याला राखण करायला सांगितलं तोही बुडणार आहे. माझ्या मते आता सगळ्या कवितेत हीच ओळ सगळ्यात जड आहे.

‘क्षेत्र’ गाळून नुसतं ‘बुडीत’ का नको, असं एकाने विचारलं. नको, कारण बुडीत म्हटलं की आपल्याला आधी बुडीत कर्ज आठवतं आणि वाचक सावकाराच्या वाटेला लागतो. शिवाय ‘क्षेत्र’ हा नोटिशीतला शब्द आहे. कचेरीतल्या कागदावर घराचं नाव काय पडलं, ते त्यातून कळतं, आणि खाली आजी त्याच घराला कुलूप लावत असते. ‘हुन्नूर’ असं गावाचं नाव द्यावं, असंही एकजण म्हणाला. बेळगाव, हुक्केरी, निपाणीच्या वाचकाला ते पोचेल. नाशिकच्या किंवा नांदेडच्या वाचकाला ते कुठलंही एक गाव वाटेल आणि कविता परत ‘आजी’च्या पातळीवर येईल.

राहिला प्रश्न संमेलनाचा. छापील पानावर डोळा खालून वर जाऊ शकतो, मंचावर जाऊ शकत नाही. सूत्रसंचालक शीर्षक एकदा सांगतो, तोवर खुर्च्या सरकत असतात, आणि कविता संपेपर्यंत ते हवेत विरून जातं. आपल्या अभंगांना वेगळं शीर्षक नसतं, ते पहिल्या चरणाने ओळखले जातात. कानाने ऐकायच्या रचनेला तेवढं पुरतं. केशवसुतांच्या ‘तुतारी’चं शीर्षक पहिल्याच ओळीत आहे, त्यामुळे म्हणतानाही ते हरवत नाही. म्हणून कविता फक्त मंचावर म्हणायची असेल तर ‘कुलूप’सारखं, कवितेतच ऐकू येणारं शीर्षक जास्त भरवशाचं. परिणाम लहान, पण तो हमखास मिळतो. बाहेरून माहिती आणणारं शीर्षक छापायच्या कवितेला द्यावं.

हिला दोन्हीकडे जायचं होतं. अंकाला ‘बुडीत क्षेत्र’ या नावानेच कविता गेली. संमेलनासाठी तिने ठरवलं की आधी शीर्षक सांगायचंच नाही. किल्लीच्या ओळीवर थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग म्हणायचं, ‘कवितेचं नाव, बुडीत क्षेत्र.’ आणि लगेच तीच कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून, जरा सावकाश. नऊच ओळी आहेत, दोनदा म्हटल्या तरी दोन मिनिटांच्या आत बसतात. कट्ट्यावर तिने तसं म्हणून दाखवलं. दुसऱ्या खेपेला तुळशीच्या ओळीपाशी तिचाच आवाज अडला, आणि मग पुढची ओळ आली, ‘देवळाकडं बघून म्हणाली’.